‘नेटवर्क येत नाही’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोन कसा तपासावा : मोबाईल दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत किंवा एसटी स्टँडसमोर छोटं दुकान चालवणाऱ्यांकडून हे प्रश्न सतत येतात. बहुतेकांची अडचण एकच असते. फोन हातात आला की लगेच रिसेट मारायचा की उघडायचा, हे ठरत नाही. खालची उत्तरं ज्या क्रमाने तपासणी करावी त्याच क्रमाने लावली आहेत. आधी फुकटचं आणि परत फिरवता येणारं, मग वेळखाऊ, आणि स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी.

१. गिऱ्हाईक नुसतं “रेंज नाही” म्हणतं. पहिल्यांदा काय विचारायचं?

आधी फोन हातात घ्या आणि स्वतः स्क्रीन बघा. लोक तीन वेगवेगळ्या तक्रारींना एकच नाव देतात. काड्याच येत नाहीत, ही खरी नेटवर्कची तक्रार. काड्या भरलेल्या आहेत पण कॉल लागत नाही, ही बहुतेक वेळा रिचार्जची किंवा कॉल सेटिंगची. कॉल लागतो पण व्हॉट्सॲप चालत नाही, ही डेटाची. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी प्रश्न ८ पाहा.

मग विचारा : कधीपासून? त्याच्या आदल्या दिवशी काय झालं? “काहीच नाही” हे उत्तर ठरलेलं असतं, म्हणून नाव घेऊनच विचारा. फोन पडला का, पावसात भिजला का, डिस्प्ले किंवा चार्जिंग बोर्ड बदलला का, सिम पोर्ट केलं का, रिचार्ज कधी संपला, फोन नवा घेतला की जुना? शेवटचा प्रश्न थोडा हळू आवाजात विचारा. त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये कळेल.

२. स्क्रीनवर काय लिहून येतं त्यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. ‘नो सिम’ किंवा ‘इन्सर्ट सिम’ येत असेल तर फोनला कार्ड वाचताच येत नाही. अशा वेळी टॉवरचा विचार करायचं कारण नाही. ट्रे, पिना, कार्डाचे सोनेरी ठिपके एवढंच बघायचं. ‘नो सर्व्हिस’ येत असेल तर कार्ड वाचलं गेलं आहे, पण फोनला आपल्या कंपनीचा टॉवर सापडत नाही. ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ म्हणजे आसपास कुठला तरी टॉवर सापडला, पण त्याने या सिमला किंवा या फोनला आत घेतलं नाही.

काही अँड्रॉइड फोन याच्यापुढे जाऊन एक कोड दाखवतात. तो दिसला तर निम्मं काम झालं :

- `MM#2` : कंपनीच्या यादीत हे सिम नोंदलेलं नाही. नवं सिम चालू झालेलं नसतं, किंवा जुनं बंद झालेलं असतं.
- `MM#3` : सिम नाकारलं. कंपनीच्या गॅलरीत जायला सांगा.
- `MM#6` : सिम नाही, फोनच नाकारला. थेट प्रश्न १२ वर जा.

३. सिमची अदलाबदल करून बघा असं सगळे सांगतात. ती नेमकी कशी करायची?

सगळी तपासणी या एका पायरीवर उभी आहे, आणि घाईत ती अर्धवट केली जाते. गिऱ्हाइकाचं सिम काढून दुकानातल्या चालू फोनमध्ये टाकणं हा फक्त अर्धा भाग झाला. दुकानातलं चालू सिम गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये टाकणं हा दुसरा भाग. दोन्ही केल्याशिवाय निकाल लागत नाही, कारण सिम आणि फोन दोन्ही खराब असण्याचे प्रसंगही येतात. जुन्या, भिजलेल्या फोनमध्ये तर हमखास.

काढण्याआधी विचारा : सिमला पिन लॉक आहे का? असेल तर तो गिऱ्हाइकालाच टाकू द्या. तीन वेळा चुकला की पीयूके मागतो आणि तो दहा वेळा चुकला की कार्ड कायमचं गेलं. दुसरं म्हणजे सिम दुसऱ्या फोनमध्ये असताना आलेला ओटीपी तुमच्या फोनवर येतो, म्हणून हे काम गिऱ्हाइकासमोर काउंटरवरच करा आणि सिम लगेच परत द्या. बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप नंतर पुन्हा पडताळणी मागू शकतं, तेही आधीच सांगून ठेवा. नाहीतर संध्याकाळी माणूस भांडायला परत येतो.

दोन्ही फोन चालू करून दोन-तीन मिनिटं थांबा. नवं सिम पहिल्यांदा नोंदणी करायला वेळ घेतं. दहा सेकंदांत निकाल देऊ नका.

निकाल असा वाचायचा. त्याचं सिम तुमच्या फोनमध्येही चालत नाही आणि तुमचं सिम त्याच्या फोनमध्ये चालतं, तर दोष सिमचा किंवा खात्याचा (प्रश्न ६). त्याचं सिम तुमच्याकडे चालतं, पण तुमचं त्याच्याकडे नाही, तर दोष फोनचा (प्रश्न ७ आणि पुढे). दोन्ही दोन्हीकडे चालतात, तर एक तर सिम ट्रेमध्ये नीट बसलेलं नव्हतं, किंवा तक्रार त्याच्या घरच्या जागेची आहे (प्रश्न १६). दोन्ही कुठेच चालत नाहीत, तर आधी टॉवर बघा (प्रश्न ५).

एक अट मात्र पाळा : तुमचं सिम त्याच कंपनीचं हवं. एअरटेलच्या तक्रारीला जिओचं सिम टाकून बघितलं तर फोनचा सिम स्लॉट चालतो एवढंच सिद्ध होतं. दोन्ही कंपन्यांचे बँड वेगळे असतात आणि एक चालून दुसरा न चालणं अगदी शक्य आहे.

४. यासाठी दुकानात काय काय ठेवावं लागेल?

फार नाही. तुमच्या भागात चालणाऱ्या कंपन्यांची एकेक चालू सिम, तीही स्वतःच्या नावावरची आणि किमान वैधतेचा रिचार्ज असलेली. एका माणसाच्या नावावर सगळ्या कंपन्या मिळून ९ सिमची मर्यादा आहे, ती आड येत नाही. एक बरा, कधी न उघडलेला ४जी-५जी फोन, ज्याला ‘दुकानाचा फोन’ म्हणून बाजूला ठेवायचं आणि विकायचं नाही. सिम पिन, मऊ ब्रश, आयपीए, मल्टिमीटर. नॅनो सिमचे ॲडॅप्टर मात्र टेस्टिंगसाठी वापरू नका. ट्रे नसलेल्या जुन्या स्लॉटमध्ये ते अडकतात आणि काढताना पिना उपटून येतात.

५. गावातला टॉवरच बंद आहे हे खात्रीने कसं ओळखायचं?

दुकानाच्या फोनमध्ये त्याच कंपनीचं सिम टाकून बघा. तेही मेलं असेल तर फोन बाजूला ठेवा आणि गिऱ्हाइकाला संध्याकाळी यायला सांगा. सकाळपासून एकाच कंपनीची दोन-तीन गिऱ्हाइकं आली असतील तर तपासायचीही गरज नाही.

पावसाळ्यात हे जास्त होतं. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी उतरली की बंद पडतो, म्हणून लाइट गेल्यावर काही तासांनी नेटवर्क गेलं असेल तर दोन्हींचा संबंध असतो. फसवणारी एक गोष्ट लक्षात ठेवा : जवळचा टॉवर बंद झाल्यावर चांगला फोन लांबचा टॉवर पकडून एखादी काडी दाखवतो आणि थोडा कमजोर फोन काहीच दाखवत नाही. अशा दिवशी फोन खराब असल्याचा निकाल देऊन तो उघडू नका.

६. दोष सिमचा निघाला. आता नवं सिम घ्यायला सांगू की काही करता येतं?

आधी कार्ड पुसा. सोनेरी भाग पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने, मग आयपीए लावलेल्या कापडाने. कात्रीने कापून नॅनो केलेली जुनी कार्डं अजून फिरताहेत. त्यांची कड वाकडी असते आणि ठिपके पिनांशी जुळत नाहीत. ती बदलायलाच सांगा. फार जुनं, ३जीच्या काळातलं कार्ड असेल तर ते ४जी पकडत नाही. तेही त्याच नंबरवर बदलून मिळतं.

पुसूनही चालत नसेल तर मामला खात्याचा. रिचार्ज संपून बरेच दिवस झाले का, ते विचारा. वापर नसलेला प्रीपेड नंबर ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही, पण शिल्लक नसेल तर त्यानंतर तो जाऊ शकतो. गावाकडे आई-वडिलांच्या दुसऱ्या सिमचं हे नेहमीचं आहे. पोर्टिंगची विनंती टाकली होती का, तेही विचारा. टाकली असेल तर जुनं सिम एके दिवशी आपोआप मरतं आणि नवं चालू होतं. हा बदल बहुधा रात्री होतो, मधे काही तास दोन्हीही बंद असतात. पुष्कळ जण जुनंच सिम फोनमध्ये ठेवून “नेटवर्क गेलं” म्हणत येतात आणि नवं पाकिटात पडलेलं असतं.

नवं सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच मिळतं. मुलगा वडिलांचं सिम घेऊन आला असेल तर त्याला गॅलरीची फेरी घालायला लावण्याआधी हे सांगा. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. हा दोष नाही, फसवणूक रोखण्यासाठी केलेला नियम आहे.

आणि एक तातडीचा प्रकार. माणूस सांगतो की काही केलं नाही, सिम बदललं नाही, पोर्ट केलं नाही. आणि चालू रिचार्जचं सिम भर दुपारी अचानक मेलं, दुकानाच्या फोनमध्येही मेलंच. त्याला दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीच्या कस्टमर केअरला विचारायला लावा की या नंबरवर नवं सिम निघालं आहे का. उत्तर हो असेल तर नंबर दुसऱ्याच्या हातात गेला आहे : आधी बँकेला फोन करून खातं थांबवायचं, मग सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार. फोन तपासत बसण्यात इथे पैसे जातात.

७. सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतं, याच फोनमध्ये नाही. सेटिंग कोणत्या क्रमाने बघू?

विमान मोड चालू करून दहा सेकंदांनी बंद करा. मग फोन रीस्टार्ट. मग सिम सेटिंगमध्ये जाऊन तो स्लॉट बंद तर केलेला नाही ना, ते बघा. दोन सिमच्या फोनमध्ये मुलांच्या हातून हे बटण सहज बंद होतं.

त्यानंतर नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’ आहे का बघा. कुणी तरी एकदा हाताने कंपनी निवडलेली असते आणि फोन तीच धरून बसतो. प्रवासातून आलेल्यांच्या फोनमध्ये हे नक्की तपासा.

पुढचं ठिकाण म्हणजे नेटवर्कचा प्रकार. ५जीचा वेग वाढवण्याच्या नादात पोरं व्हिडिओ बघून `*#*#4636#*#*` डायल करतात आणि ‘एनआर ओन्ली’ निवडतात. जिओचं ५जी स्वतंत्र चालतं म्हणून त्याच्यावर ते काही ठिकाणी निभावून जातं. पण जिथे ५जी हे ४जीच्या आधाराने चालतं तिथे फोन फक्त ५जी शोधत बसतो आणि ‘नो सर्व्हिस’ दाखवतो. ‘एलटीई ओन्ली’ ठेवलं आणि व्होल्टे बंद असलं तर काड्या भरपूर, कॉल एकही नाही. दोन्हीवर उपाय एकच : ५जी/४जी/३जी/२जी असा ऑटो पर्याय परत निवडणे.

एवढ्याने झालं नाही तर ‘रिसेट नेटवर्क सेटिंग्ज’. याने फोटो जात नाहीत, पण वाय-फायचे पासवर्ड जातात, ते सांगून करा. ई-सिम असेल तर आधी प्रश्न १४ वाचा. पूर्ण फॅक्टरी रिसेटला मी सहसा हात लावत नाही. नेटवर्क न येण्याचं कारण त्याने क्वचितच जातं आणि डेटा मात्र नक्की जातो.

८. काड्या भरलेल्या आहेत पण कॉल लागत नाही, किंवा नेट चालत नाही. हे वेगळं कसं काढू?

कॉलसाठी : रिचार्ज, व्होल्टेचं बटण, कॉल बॅरिंग, आणि प्रश्न ७ मधलं ‘एलटीई ओन्ली’. नेटसाठी : दिवसाचा डेटा संपला का, आणि एपीएन बरोबर आहे का.

```
जिओ      jionet
एअरटेल   airtelgprs.com
व्ही      www
बीएसएनएल  bsnlnet
```

एक अपवाद या गटात लपून बसतो. काड्या दिसतात, येणाऱ्या कॉलची रिंग कधीतरी वाजते, पण इथून लावलेला कॉल तुटतो, आणि सिम दुसऱ्या फोनमध्ये व्यवस्थित आहे. हा रिचार्जचा नाही, अँटेनाचा प्रश्न असू शकतो. प्रश्न ११ पाहा.

९. सिम चांगलं, फोन चांगला, तरी दोघांचं जमत नाही. असं कसं?

दोघं एकमेकांसाठी बनलेलेच नसतात. जिओचं २जी-३जी नेटवर्क नाही. आजोबांच्या जुन्या २जी कीपॅड फोनमध्ये जिओचं सिम कधीच चालणार नाही, कितीही पुसलं तरी. उलट बाजूला, जिओचे स्वतःचे कीपॅड फोन फक्त जिओच्याच सिमवर चालतात. काही जुन्या ड्युअल सिम फोनमध्ये दुसरा स्लॉट फक्त २जीचा आहे. तिथलं जिओ सिम पहिल्या स्लॉटमध्ये टाकलं की लगेच बोलायला लागतं.

बीएसएनएलचा प्रश्न अलीकडे वाढला आहे. त्यांचं स्वदेशी ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभरात सुरू झालं आणि ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७०० म्हणजे बँड २८, जो पुष्कळ जुन्या ४जी फोनमध्ये नाही. अशा फोनला बाजारात रेंज मिळते आणि वस्तीवर मिळत नाही, कारण लांब पोचणारा बँड त्याला ऐकूच येत नाही. मॉडेलच्या माहितीत बँड २८ आहे का, ते बघून सांगा. इथे दुरुस्ती करण्यासारखं काही नसतं.

१०. सेटिंग सगळी बरोबर आहे. फोन उघडण्याआधी शेवटचं काय तपासायचं?

तीन गोष्टी, आणि तिन्ही फुकट.

पहिली, `*#06#` डायल करा. १५ आकडी आयएमईआय दिसला पाहिजे आणि तो बॉक्सवरच्याशी किंवा ट्रेवर छापलेला असेल तर त्याच्याशी जुळला पाहिजे. शून्यं किंवा रिकामं आलं, किंवा ‘अबाउट फोन’मध्ये बेसबँडपुढे ‘अननोन’ दिसलं, तर फोनचा मोडेमच जागा नाही. अपडेट अर्धवट झाल्यानंतर हे घडलं असेल तर कंपनीचं अधिकृत सॉफ्टवेअर पुन्हा टाकून कधी कधी परत येतो. पडल्यानंतर घडलं असेल तर मदरबोर्डचं काम आहे, ते छोट्या दुकानाचं नाही.

दुसरी, हाताने नेटवर्क शोधा. यादीत एकही कंपनी आली नाही तर फोनला ऐकूच येत नाही : अँटेना, तिची वायर, किंवा रिसीव्हरचा भाग. नावं येतात पण निवडल्यावर नोंदणी होत नाही, तर ऐकू येतं पण बोलता येत नाही : बहुधा पॉवर ॲम्प्लिफायर. अर्थात ब्लॉक झालेला फोनही असाच वागतो, म्हणून प्रश्न १२ मधला मेसेज आधी पाठवा.

तिसरी, काड्या न मोजता डीबीएम बघा. अँड्रॉइडमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या सिम स्टेटसमध्ये आकडा असतो, आयफोनमध्ये `*3001#12345#*` ने येतो. आकडा उणे असतो. ४जीवर उणे ८०-९० म्हणजे उत्तम, उणे १०५-११० म्हणजे कसंबसं, उणे १२० च्या आसपास म्हणजे जवळपास काहीच नाही. तेच सिम, तीच जागा, आधी त्याच्या फोनमध्ये आणि मग दुकानाच्या फोनमध्ये. पाचेक आकड्यांचा फरक सोडून द्या, तो मिनिटामिनिटाला पडतो. पंधरा-वीसचा फरक टिकून राहिला तर अँटेनाची बाजू बघायची.

११. चार्जिंग बोर्ड बदलल्यापासून रेंज कमी झाली, असं गिऱ्हाईक म्हणतं. खरं असतं का?

बहुतेक वेळा खरं असतं. पुष्कळ फोनमध्ये मुख्य अँटेना खालच्या टोकाला, चार्जिंग बोर्डाजवळ असते आणि मदरबोर्डपासून तिथपर्यंत एक केसासारखी बारीक अँटेना वायर जाते. वरची अँटेना बहुधा नुसती ऐकायला मदत करते. म्हणून खालची तुटली तरी काड्या दिसतात, पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही.

एक प्रत्यक्ष तपासणी सांगतो. गिऱ्हाइकाने दुसरीकडे चार्जिंग बोर्ड बदलून घेतला होता आणि तेव्हापासून घरात कॉल तुटत होते. सिम दुकानाच्या फोनमध्ये उणे ९५ च्या आसपास, त्याच काउंटरवर त्याच्या फोनमध्ये उणे ११८. नेटवर्क शोधल्यावर दुकानाचा फोन सगळ्या कंपन्या दाखवत होता, त्याचा फोन त्यांतल्या दोनच. आयएमईआय ठीक. मागचं झाकण काढलं तर अँटेना वायरची दोन्ही टोकं आपापल्या जागी व्यवस्थित बसलेली. इथेच बरेच जण “वायर लागलेली आहे” म्हणून मदरबोर्डला दोष देतात.

दोन्ही टोकं सोडवून वायरवर मल्टिमीटर लावला. एका टोकाची मधली पिन ते दुसऱ्या टोकाची मधली पिन : बीप यायला हवी, आली नाही. बाहेरची कडी ते बाहेरची कडी : बीप आली. मधली पिन ते कडी : बीप यायला नको, नाही आली. म्हणजे वायर आतून तुटलेली. नीट बघितल्यावर दिसलं की वायर तिच्या खाचेतून न नेता स्क्रूच्या खुंटीवरून नेली होती आणि कव्हर आवळताना ती चेपली. तेवढ्याच लांबीची नवी वायर खाचेतून बसवली आणि आकडा उणे ९७ वर आला. झाकण चिकटवण्याआधी फोनचं खालचं टोक मुठीत धरून चार-पाच मिनिटांचा कॉल करून बघितला, कारण माणूस घरी फोन तसाच धरणार असतो.

वायर चांगली निघाली तर अँटेनाच्या पत्र्याच्या स्प्रिंगा बघा. त्या चपट्या झालेल्या असतात किंवा त्यांच्यावर पाण्याचा हिरवा थर असतो. तेही ठीक असेल तर बसवलेला बोर्ड हलका असण्याची शक्यता. स्वस्त बोर्डवर चार्जिंग होतं पण अँटेनाची जुळणी बरोबर नसते. शक्य असेल तर गिऱ्हाइकाचा जुना बोर्ड मागून घ्या आणि तो लावून आकडा बघा.

१२. सेकंडहँड फोन घेतला, काही दिवस चालला आणि मग कुठलंच सिम चालेना. काय झालं असेल?

मूळ मालकाने चोरीची तक्रार देऊन फोन ब्लॉक केला असण्याची दाट शक्यता आहे. केंद्र सरकारच्या सीईआयआर यंत्रणेत आयएमईआय ब्लॉक झाला की तो भारतातल्या सगळ्या कंपन्यांवर बंद होतो. याची सुरुवात २०१९ मध्ये महाराष्ट्रातूनच झाली आणि मे २०२३ पासून ही सोय संचार साथी पोर्टलवर देशभर आहे. खूण अशी : वाय-फाय चालतं, आयएमईआय दिसतो, शोधल्यावर कंपन्यांची नावं येतात, पण एकाही कंपनीचं सिम नोंदणी करत नाही.

खात्री करायला हा मेसेज १४४२२ वर पाठवा, पुढे तपासायच्या फोनचा आयएमईआय घालून :

```
KYM <१५ आकडी आयएमईआय>
```

उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं तर तपासणी तिथेच थांबवा आणि फोन परत द्या. ब्लॉक काढणं मूळ तक्रारदाराच्या हातात असतं. गिऱ्हाइकाला बिल घेऊन विकणाऱ्याकडे, आणि तो दाद देत नसेल तर पोलिसांकडे जायला सांगा. तुम्ही स्वतः जुने फोन घेत असाल तर पैसे मोजण्याआधी हा मेसेज पाठवायची सवय लावा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. आज स्वच्छ असलेला फोन उद्या ब्लॉक होऊ शकतो, म्हणून विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि सही घेणंही तितकंच गरजेचं.

१३. “आयएमईआय बदलून द्या, दोन हजार देतो,” असं गिऱ्हाईक म्हणतं. करावं का?

नाही. दूरसंचार कायदा २०२३ नुसार हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याचा आयएमईआय खरोखर सॉफ्टवेअरमुळे पुसला गेला आहे त्याला बिल आणि बॉक्स घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवा.

१४. ई-सिम असेल तर अदलाबदल कशी करायची?

करता येत नाही, आणि करायचा प्रयत्नही करू नका. ई-सिम फोनमधून काढून टाकलं की परत आणायला कंपनीची प्रक्रिया पुन्हा करावी लागते. नेटवर्क रिसेट करताना काही फोन ‘ई-सिमही पुसायचं का’ असं विचारतात, तिथे खूण लावू नका. तपासणी अर्धीच होते : तुमचं साधं सिम त्याच्या ट्रेमध्ये टाका. ते चालतं पण ई-सिम नाही, तर आधी ई-सिमचं बटण सेटिंगमध्ये बंद करून चालू करा, मग कंपनीला विचारा.

१५. मुलाने परदेशातून पाठवलेला फोन आहे. सिम टाकलं की ‘सिम नॉट सपोर्टेड’ येतं.

तो तिथल्या कंपनीला बांधलेला आहे. आयफोनमध्ये सेटिंग, जनरल, अबाउट इथे ‘कॅरियर लॉक’ बघा. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तरच मोकळा. लॉक काढणं तिथल्या कंपनीचं काम आहे, मुलालाच विनंती करायला सांगा. अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनना सिमचा ट्रेच नाही, त्यात ई-सिमच घ्यावं लागतं. लॉक नसूनही रेंज कमी येत असेल तर बँड तपासा, प्रश्न ९ मधल्यासारखे.

१६. दुकानात फोन उत्तम चालतो, घरी गेलं की रेंज जाते. बूस्टर विकू का?

बूस्टर विकू नका. परवानगीशिवाय मोबाईल सिग्नल बूस्टर विकणं आणि लावणं बेकायदा आहे, आणि त्याने आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं. घरात वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करून द्या, वेगळा खर्च नाही. वाय-फाय नसेल तर दुकानातलं दुसऱ्या कंपनीचं सिम एका दिवसासाठी देऊ नका, ते तुमच्या नावावर आहे. त्याच्या शेजाऱ्यांकडे कोणती कंपनी चालते ते विचारायला सांगा आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात आतल्या खोलीत व खिडकीजवळ डीबीएमचा आकडा किती येतो, ते कागदावर लिहून आणायला सांगा. खिडकीजवळ उणे १०० आणि आत उणे ११८ असेल तर फोनला दोष नाही.

१७. यात्रेला काश्मीरला गेलेल्याचा फोन आला : “सिम बंद पडलं.” इथून काय सांगू?

प्रीपेड आहे का, एवढंच विचारा. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. सेटिंगला हात लावू नका म्हणावं. सोबतच्या कुणाचं पोस्टपेड असेल तर त्याच्या हॉटस्पॉटवर काम भागतं. परत आल्यावर सिम चालू झालं नाही तर मात्र प्रश्न ७ मधली ‘ऑटोमॅटिक’ निवड आधी बघा, कारण तिथे असताना त्याने सगळी बटणं दाबून बघितलेली असतात.